टेल्मिसार्टनचा कॉल: तयारी कशी करायची, आणि नियमांत राहून काय बोलायचं?

संगमनेर_एचक्यू

नमस्कार मंडळी. नवीन टेरिटरी मिळाली आहे, कार्डिओ-डायबेटिक डिव्हिजन. हेडक्वार्टर संगमनेर, बाहेर अकोले आणि राहाता. या सायकलचा फोकस ब्रँड टेल्मिसार्टन ४०. यादीत बहुतेक एमडी मेडिसीन आणि जुने जीपी आहेत. कॉल मिळतो तो ओपीडी संपता संपता, तीन-चार मिनिटांचा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आदल्या दिवशी तुम्ही नेमकी काय तयारी करता? टूर प्रोग्रॅम, रोजच्या भेटींचा डीसीआर हे जमतं, माझा प्रश्न कॉलच्या आतल्या चार मिनिटांचा आहे. दुसरी, व्हिज्युअल एडच्या तिसऱ्या पानावर हृदयाचं मोठं चित्र, त्याखाली ‘सिद्ध हृदयसंरक्षण’ आणि तळाशी बारीक अक्षरात ऑनटार्गेट अभ्यासाचं नाव. जॉइंट वर्किंगला वरिष्ठ म्हणाले, रॅमिप्रिलपेक्षा सरस आहे असं ठासून सांग. असं सांगता येतं का? तिसरी, सॅम्पल. आधीचा माणूस मोठ्या डॉक्टरांकडे दर भेटीत पाच पट्ट्या ठेवायचा, आता सगळे तेवढ्याच मागतात. नवीन संहितेत किती बसतं?

सुहास_बीफार्म

सोपं आहे. १२ मार्च २०२४ ला यूसीपीएमपी आला, तेव्हापासून तो कायदाच आहे. एका डॉक्टरला वर्षाला १२ पट्ट्या, तेरावी दिली की एमआरवर केस. हजार रुपयांच्या आतली कुठलीही भेटवस्तू चालते. ‘सेफ’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एवढं पाळा, बाकी डिटेलिंग नेहमीसारखं.

प्रभाकर_निवृत्त_एएसएम

सुहास, तारीख बरोबर आहे, बाकीचं अर्धं अर्धं आहे. नवीन माणूस हे वाचून कामाला लागेल, म्हणून नीट सांगतो.

यूसीपीएमपी ही औषध विभागाने काढलेली संहिता आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. तक्रार जाते ती कंपनी ज्या संघटनेची सभासद आहे तिच्या नीतिसमितीकडे, आणि तिथून अपील वरच्या समितीकडे. शिक्षा म्हणजे समज, ती जाहीर करणं, चुकीच्या मजकुराची दुरुस्ती छापायला लावणं, दिलेल्या वस्तूंची वसुली, संघटनेतून निलंबन किंवा हकालपट्टी. एमआरला तुरुंग वगैरे त्यात काही नाही. तरी तो नुसता कागदही नाही. ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेल्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये एका कंपनीला जाहीर समज मिळाली आणि प्रकरण आयकराच्या अंगानेही तपासायला सांगितलं गेलं. खरा दात तिथे आहे. फुकटच्या वस्तूंवरचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच सांगितलं आहे.

हजार रुपयांचं म्हणाल, तर ‘कुठलीही वस्तू’ हे चूक. पुस्तक, कॅलेंडर, डायरी, जर्नल, उपकरणाचं डमी मॉडेल, उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं, अशा माहिती देणाऱ्या आणि दवाखान्यात वापरायच्या वस्तू चालतात, प्रत्येकी हजाराच्या आत. बाजारात ज्याला स्वतंत्र किंमत येईल असं काही नको. आठशे रुपयांची इस्त्री किंमतीत बसली तरी संहितेत बसत नाही.

आणि ‘सेफ’वर बंदी नाही, तो शब्द मोकळा सोडायला बंदी आहे. कोणाला, किती डोसला, किती काळ, हे सोबत हवं. ‘साइड इफेक्ट नाहीत’ हे मात्र कधीच म्हणता येत नाही. ‘नवीन’ हा शब्दही भारतात वर्षभर प्रचारात असलेल्या औषधाला लावायचा नाही.

तयारीचं रात्री लिहितो.

केमिस्ट_राहाता

आमच्याकडचं एक सांगून ठेवतो. आरसीपीएला, म्हणजे कोणत्या ब्रँडच्या चिठ्ठ्या येतात ते विचारायला, येणारी पोरं हल्ली मोबाईल काढून चिठ्ठीचा फोटो मारतात. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय, कधी फोन नंबर असतो. ते बंद करा. ‘४० चालते की ८०, प्लेन चालते की अ‍ॅम्लोडिपिनबरोबरची, महिन्याला साधारण किती पट्ट्या उठतात’ एवढं तोंडी विचारलं तर आम्ही सांगतो. तेवढ्यावर तुमचं काम भागतं.

दुसरं, केमिस्टने सांगितलेला आकडा डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नका. ‘सर, तुम्ही अमुक ब्रँड जास्त लिहिता असं कळलं’ म्हटलं की संध्याकाळी डॉक्टरांचा आम्हाला फोन येतो आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला आमच्या काउंटरवर कोणी उभं करत नाही.

प्रभाकर_निवृत्त_एएसएम

काका बोलले ते शंभर टक्के. आरसीपीए डॉक्टरांना पकडण्यासाठी करायचा नसतो, आपला प्रश्न ठरवायला करायचा असतो. आता तयारी.

आदल्या संध्याकाळी उद्याच्या यादीतल्या प्रत्येक डॉक्टरापुढे एक ओळ लिहायची. ओळ ब्रँडबद्दल नसते, त्यांच्या पेशंटबद्दल असते. उदाहरणार्थ, ‘ओपीडीत साठीच्या पुढचे जास्त, रॅमिप्रिल चालते, खोकल्याची तक्रार मागच्या भेटीत बोलले होते.’ ही ओळ लिहिता आली नाही, तर उद्याचा कॉल डिटेलिंगचा नाहीच, तो विचारायचा कॉल आहे. मग व्हिज्युअल एड बॅगेतच राहू द्या आणि एक प्रश्न विचारून या. बहुतेक नवीन मुलं इथे चुकतात. ओळ नसताना सगळी पानं उलटतात, डॉक्टर तिसऱ्या पानाला घड्याळ बघतात, आणि डीसीआरमध्ये ‘कॉल छान झाला’ लिहिलं जातं.

ओळ असेल तर तिला लागू पडणारा एकच मुद्दा निवडा आणि तो सांगताना लागणारे तीन कागद हाताशी ठेवा. मंजूर झालेली प्रिस्क्रायबिंग माहिती, ज्या अभ्यासाचा आधार घेणार त्याचा मूळ पेपर, आणि कंपनीने मंजूर केलेलं साहित्य, ज्यावर छपाईची किंवा शेवटच्या तपासणीची तारीख आहे. मूळ पेपरचा सारांश तरी स्वतः वाचलेला हवा. व्हिज्युअल एडमधला आकडा आणि पेपरमधला आकडा जुळतो का, डोस तोच आहे का, पेशंट कोणते होते, हे तिथेच कळतं. जुळत नसेल तर ते पान उघडायचं नाही आणि मेडिकल टीमला लेखी कळवायचं.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यावरून वाद होतात. भेट मिळवण्यासाठी कंपाउंडरच्या हातात काही ठेवायचं नाही. सणाचा मिठाईचा डबा असो की रिचार्ज, ‘आत सोडा’साठी दिलेलं काहीही संहितेत बसत नाही. खोटं कारण सांगून आत जाणंही त्यातच येतं. पेशंटच्या रांगेत केसपेपर काढून बसणारे मी पाहिलेत. नंबर लावा, वेळ विचारा, नाही मिळाली तर मिस्ड कॉल म्हणून खरा लिहा.

डॉ_फिजिशियन_नगर

तिसऱ्या पानाबद्दल मी लिहितो, कारण हे पान आठवड्याला कोणी ना कोणी माझ्यापुढे उघडतंच.

ऑनटार्गेट २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचवीस हजारांहून जास्त पेशंट, सगळे ५५ वर्षांपुढचे, ज्यांना रक्तवाहिन्यांचा आजार होता किंवा अवयवांवर परिणाम झालेला मधुमेह होता. तुलना टेल्मिसार्टन ८० आणि रॅमिप्रिल १० यांची, शिवाय तिसऱ्या गटात दोन्ही एकत्र. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिशन, यांपैकी काहीतरी होणाऱ्यांचं प्रमाण रॅमिप्रिल गटात १६.५ टक्के, टेल्मिसार्टन गटात १६.७ टक्के. म्हणजे निष्कर्ष असा की टेल्मिसार्टन रॅमिप्रिलपेक्षा कमी पडत नाही. ‘सरस’ हा शब्द त्यातून निघत नाही. कोणी तो माझ्यापुढे वापरला की पुढचं मी ऐकत नाही.

फरक होता तो सहन होण्यात. खोकल्यामुळे औषध सोडावं लागलेले रॅमिप्रिलवर ४.२ टक्के, टेल्मिसार्टनवर १.१ टक्के. पण रक्तदाब उतरून चक्कर वगैरे येण्यामुळे सोडणारे टेल्मिसार्टनवर जास्त, २.६ विरुद्ध १.७. पहिली जोडी सांगून दुसरी गिळायची, ही एमआर मंडळींची सर्रास सवय. दोन्ही औषधं एकत्र दिल्याने फायदा वाढला नाही, त्रास वाढला, हेही त्याच पेपरात आहे.

आता तुमचा ब्रँड ४० चा आणि अभ्यास ८० चा. ४० ची पट्टी हातात धरून ऑनटार्गेट सांगणं म्हणजे दुसऱ्याच डोसचा पुरावा विकणं. रक्तदाबासाठी ४० ने सुरुवात करणं बरोबरच आहे, पण मग बोलणं रक्तदाबापुरतं ठेवा.

आलेखाकडेही बघा. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? १६ पासून सुरू केला तर ०.२ टक्क्याचा फरकही डोंगराएवढा दिसतो.

सुहास_बीफार्म

डॉक्टरसाहेब, पण ट्रान्सेंडमध्ये प्लासिबोशी तुलना होती आणि तिथे हृदयसंरक्षण दिसलं होतं ना? ते सांगितलं तर?

डॉ_फिजिशियन_नगर

ट्रान्सेंडमध्ये एसीई इनहिबिटर सहन न होणारे पेशंट होते, आणि तोही ८० चाच डोस. मुख्य परिणाम टेल्मिसार्टनवर १५.७ टक्के, प्लासिबोवर १७.० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. जो आकडा तुम्ही पाहिला असेल तो दुय्यम परिणामाचा, ज्यातून हार्ट फेल्युअरची अ‍ॅडमिशन वगळली होती. मुख्य परिणाम लपवून दुय्यम परिणाम पानभर छापला तर तो आकडा खरा असूनही दावा खोटा होतो.

इम्प्लांट_रेप_पुणे

माझं ऑर्थो इम्प्लांटचं काम आहे. आम्हाला सर्जनला ट्रायलसाठी स्क्रू, प्लेट द्यावे लागतात. यात १२ चा नियम लागतो का? आणि ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहणं चालतं का?

गौरी_कम्प्लायन्स

दादा, हा धागा औषधांचा आहे. उपकरणांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळी संहिता आली आहे, त्यात मूल्यांकनासाठी आणि डेमोसाठी दिलेल्या वस्तूंचे नियम निराळे आहेत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. थिएटरमध्ये उभं राहण्याबद्दल आधी त्या हॉस्पिटलची परवानगी बघा.

आता सॅम्पल, कारण इथे सुहास यांचं गणित अपुरं आहे. संहितेत तीन गोष्टी एकत्र वाचायच्या. सॅम्पल पॅक बाजारातल्या सर्वांत लहान पॅकपेक्षा मोठा नको. सॅम्पल जास्तीत जास्त तीन पेशंटच्या आवश्यक उपचारकाळापुरतं. आणि एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षात १२ पेक्षा जास्त पॅक नाहीत. शिवाय कंपनीचं वर्षभराचं सॅम्पल देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत हवं. ते तुमच्या हातात नाही, पण हेड ऑफिस कोटा का कापतं ते त्यावरून कळेल.

टेल्मिसार्टन ४० ची सर्वांत लहान पट्टी दहाची धरू. बारा पट्ट्या म्हणजे १२० गोळ्या. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणजे एका पेशंटला अजमावून बघायला तीन पट्ट्या. बारा पट्ट्यांत वर्षाला चारच पेशंट बसले. दर भेटीत पाच पट्ट्या ठेवल्या तर दुसऱ्या भेटीला दहा झाल्या, आणि तिसऱ्या भेटीला मर्यादा ओलांडली. महिन्यात दोन भेटी असतील तर दोन महिन्यांच्या आत वर्षाचा कोटा संपला. आधीच्या माणसाने हेच केलं असणार. त्याने या वर्षात किती दिल्या ते ऑफिसकडून मागवून घ्या, कारण मर्यादा डॉक्टरामागे आहे. एमआर बदलला म्हणून आकडा पुन्हा शून्यावर येत नाही.

सॅम्पल प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या हातात, किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या हातात. नोंदीत औषध, डॉक्टरांचं नाव, किती दिलं, कोणत्या तारखेला. पट्टीवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतोच. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचं सॅम्पल मुळीच नाही.

प्रभाकर_निवृत्त_एएसएम

गौरीताई, पॅकच्या अर्थावर माझं मत वेगळं आहे. वाक्यात ‘असे १२ पॅक’ आहे. ‘असे’ म्हणजे तीन पेशंटच्या उपचारकाळाचा एक, असे बारा. तसं वाचलं तर रक्तदाबाच्या औषधात आकडा बराच मोठा होतो. काही कंपन्यांची अंतर्गत परिपत्रकं तशीच आहेत.

गौरी_कम्प्लायन्स

तसं वाचणारे आहेत, मान्य. पण मग पॅक सर्वांत लहान पॅकपेक्षा मोठा नको ही अट कुठे बसवायची? आणि रक्तदाबात ‘आवश्यक उपचारकाळ’ म्हणजे काय, पेशंट आयुष्यभर गोळी घेतो. ४० आणि ८० हे एक औषध की दोन, यावरही एकमत नाही. अर्थ दोन निघत असतील तेव्हा मी लहान आकडा धरायला सांगते. जास्त दिलेलं परत घेता येत नाही, कमी दिलेलं वाढवता येतं. तुमच्या कंपनीचं लेखी परिपत्रक काय म्हणतं ते आधी घ्या आणि ते जपून ठेवा.

आयकराचाही एक धागा आहे. जुलै २०२२ पासून डॉक्टरांना मिळणारा फायदा वर्षाला वीस हजारांवर गेला तर कंपनीला दहा टक्के टीडीएस भरावा लागतो, आणि सॅम्पलची किंमतही त्यात मोजतात. म्हणून तुमच्या नोंदीतली एक चूक थेट डॉक्टरांच्या आयकराच्या कागदात उमटते. न दिलेलं सॅम्पल ‘दिलं’ म्हणून डीसीआरमध्ये टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

केमिस्ट_राहाता

सॅम्पलच्या पट्टीचंही बघा. टेल्मिसार्टन दमट हवेत खराब होते, म्हणून ती अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु पट्टीत येते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवलेली पट्टी द्यायची नाही. आणि पट्टी कापून पाच-पाच गोळ्या करू नका, कापलेल्या तुकड्यावर बॅच आणि एक्स्पायरी राहत नाही. सॅम्पलची पट्टी कोणी आमच्या काउंटरला विकायला आणली तर ती घेणंही गुन्हा आहे, तेव्हा ‘उरलेत, ठेवून घ्या’ असं म्हणू नका.

संगमनेर_एचक्यू

खूप काही मिळालं, आभार. आणखी एक. अकोल्यातले एक डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या टेल्मि-अ‍ॅम्लोने एका बाईंचे पाय सुजले.’ मला वाटलं अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ‘सर, ते अ‍ॅम्लोमुळे, आमच्या ब्रँडचा दोष नाही’ असं म्हणून पुढे गेलो. यात काही करायचं असतं का?

गौरी_कम्प्लायन्स

करायचं असतं, आणि त्याच दिवशी. माहीत असलेला परिणाम असला तरी नोंद करायची. कारण ठरवणं आपलं काम नाही, कळवणं आहे. बहुतेक कंपन्यांत चोवीस तासांच्या आत फार्माकोव्हिजिलन्सला कळवायचं असतं. चार गोष्टी लागतात: पेशंट ओळखू येईल इतपत माहिती म्हणजे आद्याक्षरं, वय किंवा लिंग यांपैकी काही, पूर्ण नाव नको, सांगणारा कोण, संशयित औषध, आणि झालेला त्रास. बॅच नंबर, डोस, किती दिवसांनी सूज आली, औषध बंद केल्यावर उतरली का, हे मिळालं तर अहवालाला अर्थ येतो. डॉक्टरांना स्वतः कळवायचं असेल तर राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे.

उद्या पुन्हा जाऊन विचारा, ते रागावणार नाहीत. ‘आमच्या ब्रँडचा दोष नाही’ हे वाक्य मात्र यापुढे नको.

डॉ_फिजिशियन_नगर

रागावणार नाहीत, उलट लक्षात ठेवतील. त्रास सांगितल्यावर वही काढणारा एमआर फार कमी वेळा भेटतो.

संगमनेर_एचक्यू

आज सरांच्या सल्ल्याप्रमाणे एका डॉक्टरांसाठी ओळ लिहिली आणि बोलण्याचा मसुदा केला. तपासून द्या.

ओळ: रॅमिप्रिलवर कोरडा खोकला, पेशंट औषध सोडतात, असं मागच्या भेटीत म्हणाले होते.

बोलणं: ‘सर, मागच्या वेळी तुम्ही रॅमिप्रिलवर खोकला येणाऱ्या पेशंटबद्दल बोलला होतात. ऑनटार्गेटमध्ये टेल्मिसार्टन ८० आणि रॅमिप्रिल १० ची तुलना होती. हृदयाच्या बाबतीत दोन्ही सारखीच ठरली. खोकल्यामुळे औषध सोडणारे ४.२ टक्के विरुद्ध १.१ टक्के. उलट रक्तदाब उतरल्यामुळे सोडणारे टेल्मिसार्टनवर थोडे जास्त, १.७ विरुद्ध २.६. हा अभ्यास ८० चा होता सर, आमची ४० ची गोळी रक्तदाबात सुरुवात करायला आहे. किडनीच्या पेशंटलाही बिनधास्त देता येते. गरोदरपणात द्यायची नाही. खोकल्याची तक्रार असलेल्या तुमच्या पुढच्या रक्तदाबाच्या पेशंटमध्ये ही वापरून बघाल का?’

प्रभाकर_निवृत्त_एएसएम

बांधणी चांगली आहे. त्यांच्याच अडचणीने सुरुवात, एकच मुद्दा, दोन्ही बाजूंचे आकडे, डोसबद्दल प्रामाणिकपणा आणि शेवटी एका ठरावीक पेशंटसाठीची मागणी. ‘दहा प्रिस्क्रिप्शनचं कमिटमेंट द्या सर’ असं कधी म्हणायचं नाही, आणि लिहिण्याच्या बदल्यात काही देण्याचं बोलणं तर अजिबात नाही. वरिष्ठ जॉइंट वर्किंगला आले की त्यांनाही हाच मसुदा आधी दाखवा, म्हणजे डॉक्टरांपुढे ते वेगळं बोलणार नाहीत. त्यांनी ‘सरस’चा आग्रह धरला तर ‘सर, एवढं मेलवर लिहून द्याल का’ असं नम्रपणे विचारा. लेखी कोणी देत नाही.

सुहास_बीफार्म

प्रभाकर सर, मेलवर मागितलं तर पुढच्या अप्रेझलला त्याचं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. टार्गेटचा आकडा तोच राहतो आणि भाषा तेवढी बदलायची, हे फिल्डवरच्या एकट्या माणसावर का?

प्रभाकर_निवृत्त_एएसएम

हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. प्रतिनिधीच्या वागण्याची जबाबदारी संहितेने कंपनीवर टाकली आहे आणि दरवर्षी कंपनीप्रमुखाला स्वयंघोषणा द्यावी लागते. पण इन्सेंटिव्हची रचना त्याच कागदाला धरून बदलली, असं मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

डॉ_फिजिशियन_नगर

मसुद्यात एक दुरुस्ती. ‘किडनीच्या पेशंटलाही बिनधास्त’ हे वाक्य काढा. टेल्मिसार्टन मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते, म्हणून सौम्य ते मध्यम बिघाडात डोस बदलावा लागत नाही, हे खरं. पण ते डोसबद्दल झालं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढू शकतं, सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत दोन्ही तपासावी लागतात. दोन्ही बाजूंच्या किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर धोका मोठा. म्हणून म्हणा, ‘सौम्य-मध्यम किडनी बिघाडात डोस बदलत नाही, पण पोटॅशियम-क्रिएटिनिन बघावं लागतं.’ डॉक्टरांनी याच्या पुढचं विचारलं, समजा डायलिसिसच्या पेशंटबद्दल, तर तिथे उत्तर देऊ नका. प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या आणि मेडिकल टीमकडून लेखी उत्तर आणून द्या.

संगमनेर_एचक्यू

वाक्य बदललं. पाय सुजल्याची माहिती घ्यायला उद्या अकोल्याला जातोय. सॅम्पलचा जुना हिशोबही ऑफिसकडे मेलने मागितला आहे, आला की इथे टाकतो. गौरीताई, तोपर्यंत त्या डॉक्टरांना एकही पट्टी द्यायची नाही असं धरू ना?

गौरी_कम्प्लायन्स

हो, आकडा हातात येईपर्यंत एकही नाही. डॉक्टरांना कारण सरळ सांगा, ‘या वर्षी तुम्हाला किती दिल्या याची नोंद तपासतोय सर.’ बहुतेकांना संहिता माहीत आहे.